शिमगा हुकला, प्रबंध अडला: गाईडना पत्र लिहिताना

पीएच.डी.च्या मार्गदर्शकाकडे वर्षभरात जे अर्ज येतात, त्यांत मुदतवाढीचे सर्वांत जास्त असतात आणि सर्वांत ढिसाळ लिहिलेलेही तेच असतात. ‘काही अपरिहार्य कारणास्तव क्षेत्रकार्य पूर्ण होऊ शकले नाही, तरी सहा महिन्यांची मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती.’ एवढ्यावर पत्र संपतं. कारण कोणतं, राहिलं ते नेमकं काय, आणि मुदत सहाच महिने का, याचा पत्ता नसतो. प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याचं अशा अर्जावर निभावूनही जातं. यंत्र बंद होतं, दुरुस्त झालं, काम पुढे सुरू. पण ज्याचा विषयच सण आहे, त्याला सहा महिन्यांची मुदत मिळाली काय आणि न मिळाली काय, सारखंच. मार्चमध्ये हुकलेला शिमगा सप्टेंबरात भेटत नाही.

लोकसाहित्य, मानववंशशास्त्र, संगीत, समाजशास्त्र अशा विषयांतल्या बऱ्याच मुलामुलींचं क्षेत्रकार्य सणाच्या चार-आठ दिवसांवर टांगलेलं असतं. त्यांचं पत्र वेगळं लिहावं लागतं. ते कसं, हे एका कल्पित पण अगदी नेहमीच्या उदाहरणावरून पाहू.

समजा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाच्या शिमग्यावर एक विद्यार्थिनी प्रबंध लिहिते आहे. विषय आहे पालखीच्या घरभेटीत घातली जाणारी गाऱ्हाणी. ज्यांनी कोकणातला शिमगा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फाल्गुनात ग्रामदेवतेची रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, पालखीत बसवतात. होळीच्या होमानंतर पालखी सहाणेवर येते आणि मग वाडीवाडीतून, घराघरांतून फिरते. देव स्वतः घरी आलेला असतो. घरची बाई ओटी भरते, घरधनी नारळ ठेवतो आणि गुरव किंवा मानकरी त्या घराच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतात. पोराची नोकरी, सुनेचं मूल, बांधावरचा तंटा, मुंबईच्या चाकरमान्यांची सुखरूपता, सगळं त्यात येतं आणि भोवतीची मंडळी एका सुरात ‘होय महाराजा’ म्हणत जातात. काही गावांत हे रंगपंचमीपर्यंत उरकतं, काही गावांत पाडव्यापर्यंत चालतं.

आपल्या विद्यार्थिनीने २०२५ च्या शिमग्यात गावच्या पाच वाड्यांपैकी तीन वाड्यांतली गाऱ्हाणी ध्वनिमुद्रित केली. उरलेल्या दोन वाड्या २०२६ साठी ठेवल्या. त्या वर्षी मानकऱ्यांच्या दोन गटांत पालखीच्या मानावरून वाद पेटला. पालखी आधी कोणी उचलायची आणि पहिला नारळ कोणाचा, यावरून कोकणात असे वाद होतात, काही वेळा ते कोर्टापर्यंतही जातात. शांतता बिघडेल या भीतीने तालुक्याच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी मनाई आदेश काढला. पूर्वी अशा आदेशाला सगळे ‘एकशे चव्वेचाळीस’ म्हणत. जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. होम झाला, रूपं देवळातच राहिली, पालखी बाहेर पडलीच नाही.

आता ती मॅडमना पत्र लिहायला बसते. पहिलं वाक्य मनात तयार असतं: ‘यंदा गावात शिमगा न झाल्याने माझे क्षेत्रकार्य होऊ शकले नाही.’

कुठलाही मुरलेला गाईड इथेच अडवेल. शिमगा झाला नाही ही तर मोठी घटना आहे. विषय मानपानाचा असता, तर बंद पडलेली पालखी ही त्या वर्षातली सर्वांत मोलाची नोंद ठरली असती आणि मुदतवाढीचा प्रश्नच आला नसता. तू गावात होतीस, बैठका पाहिल्यास, मग क्षेत्रकार्य झालं नाही कसं म्हणतेस? या प्रश्नाचं उत्तर पत्रात आधीच असायला हवं. हुकलं ते ‘क्षेत्रकार्य’ नव्हे. हुकली ती दोन वाड्यांतली घरभेटीची गाऱ्हाणी, ज्यांवर चौथं प्रकरण उभं आहे. आणि ती घरी बसून का मिळत नाहीत, हेही सांगायला हवं. गुरवाला श्रावणात गाठून ‘म्हणून दाखवा’ म्हटलं तर बहुतेक वेळा तो हसून टाळतो. देव समोर नसताना गाऱ्हाणं कोणापुढे घालायचं? एखाद्याने भिडेखातर म्हटलंच, तर ते साच्यातलं, कोणत्याच घराचं नसलेलं गाऱ्हाणं असतं. त्या घराचं दुखणं, त्या वर्षीची अडचण, मध्येच कोणीतरी आठवण करून दिलेली जुनी नवसाची गोष्ट, यातलं काहीही त्यात येत नाही. हे दोन-तीन वाक्यांत सांगितलं, की समितीवरच्या इतर विषयांच्या प्राध्यापकांनाही मुद्दा पटतो.

कारण टाळता येण्याजोगं होतं का, हे समिती दुसरं पाहते. इथे पुष्कळ पत्रं घसरतात. ‘होळीला ग्रहण आल्याने वेळापत्रक बदलले’ असं कोणी लिहिलं, तर ते कारण धरलं जाणार नाही. ३ मार्च २०२६ चं चंद्रग्रहण पंचांगात आधीच छापलेलं होतं. ‘अधिक मासामुळे गणपती उशिरा आले’ हेही तसंच. ज्याचा विषय सण आहे त्याने दाते किंवा कालनिर्णय उघडून पाहिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ निघतो. मनाई आदेश, गावात ऐन वेळी झालेला मृत्यू आणि त्यामुळे पाळलेलं सुतक, अतिवृष्टीत तुटलेला रस्ता ही कारणं वेगळी; ती आधी कळत नाहीत. मनाई आदेशाची प्रत जोडता येते. सुतकाचा मात्र कोणी दाखला देत नाही, तिथे क्षेत्रकार्याची रोजनिशी कामाला येते. कोणत्या दिवशी गावात पोचलो, कोणाकडे उतरलो, किती वाजता काय कळलं, हे त्याच दिवशी लिहिलेलं असेल, तर त्या दोन पानांची छायांकित प्रत पुरेशी होते. मागाहून आठवून लिहिलेली रोजनिशी गाईडला ओळखू येते. तिच्यात सगळ्या दिवसांचं अक्षर आणि शाई एकच असते.

पण पंचांग खरं उपयोगी पडतं ते मागच्यापेक्षा पुढच्या तारखेसाठी. मुदत किती मागायची, हे मनाने ठरवायचं नसतं. पुढचा सण कधी आहे त्यावरून ते ठरतं. २०२६ ची फाल्गुन पौर्णिमा ३ मार्चला होती, म्हणून पुढचीही मार्चच्या सुरुवातीला येईल असं धरून विद्यार्थी ‘मार्च २०२७ अखेर प्रबंध सादर करेन’ असं लिहून मोकळे होतात. पण मध्ये १७ मे ते १५ जून २०२६ असा अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे पुढची फाल्गुन पौर्णिमा २२ मार्च २०२७ ला येते, म्हणजे तारखेने एकोणीस दिवस उशिरा. गावाचा शिमगा पाडव्यापर्यंत चालत असेल तर तो ७ एप्रिलपर्यंत जातो. मार्चअखेर प्रबंध देण्याचं वचन दिलेली विद्यार्थिनी त्या दिवशी अजून वाडीत ध्वनिमुद्रण करत असेल, आणि तिला दुसऱ्यांदा मुदत मागावी लागेल. पहिली मुदतवाढ समिती सहानुभूतीने देते. दुसऱ्या वेळी भुवया उंचावतात.

मग ७ एप्रिलनंतर किती वेळ हवा? एका तासाचं साधं संभाषण उतरवून काढायला सरावाच्या माणसाला चार ते सहा तास लागतात. गाऱ्हाण्यात बोली, एकाच वेळी बोलणारी दहा माणसं आणि मागे ढोल, म्हणजे सहाच धरावेत. दोन वाड्यांतून दहा-बारा तासांचं ध्वनिमुद्रण आलं तर साठ-सत्तर तास नुसते उतरवण्यात जातात. नोकरी सांभाळून रोज दोन-अडीच तास काढले तर एक महिना, म्हणजे मेचा पहिला आठवडा उजाडतो. मेअखेर प्रकरणाचा मसुदा, जूनमध्ये मॅडमचं वाचन आणि दुरुस्त्या, जुलैत समितीपुढे प्री-सबमिशन, ऑगस्टअखेर प्रबंध. असा हिशेब मांडला की ३१ ऑगस्ट २०२७ ही तारीख आपोआप येते आणि तिच्यावर वाद घालायला कोणाला जागा उरत नाही.

आता नियमांकडे वळू, कारण गाईडच्या हातात काय आहे हे न कळल्यामुळेही पत्र चुकतं. मुदतवाढ गाईड देत नाहीत. त्या शिफारस करतात. संशोधन सल्लागार समिती ती पाहते आणि आदेश विद्यापीठ काढतं. म्हणजे पत्र मॅडमच्या नावाने असलं तरी ते वाचणारे आणखी चार-पाच जण आहेत, ज्यांनी तुमचं गाव पाहिलेलं नाही. मात्र विद्यार्थी आणि गाईड यांनी आपसात ठरवलेली तारीख हुकत असेल आणि कमाल मुदत अजून लांब असेल, तर एवढं सगळं लागत नाही. समितीच्या पुढच्या बैठकीत प्रगती अहवालात सुधारित वेळापत्रक दिलं की भागतं. म्हणून पहिल्यांदा आपलं प्रवेशपत्र काढून तारीख पाहावी.

आपल्या विद्यार्थिनीची नोंदणी जानेवारी २०२१ ची आहे. सहा वर्षं जानेवारी २०२७ मध्ये संपतात, शिमग्याच्या दोन महिने आधी. अशा वेळी मित्रमंडळी सांगतात, ‘घाबरू नकोस, आता आठ वर्षं मिळतात.’ हे अर्धंच खरं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत सहा वर्षांनंतर पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात, आणि महिला व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या संशोधकांना त्यावर आणखी दोन. पण ती नियमावली ७ नोव्हेंबर २०२२ ला अधिसूचित झाली. त्याआधी नोंदणी झालेल्यांना आधीचेच नियम लागू राहतात, म्हणजे हिला २०१६ ची नियमावली. तीत कमाल मर्यादा सहा वर्षांची, महिलांना दोन वर्षांपर्यंत सवलत आणि बाकी मुदतवाढ ज्या त्या विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे. पत्रात चुकीच्या नियमावलीचा हवाला दिला तर अर्ज कार्यालयातून त्रुटी काढून परत येतो आणि त्यात दोन महिने सहज जातात.

पैशाचं एका वाक्यात सांगतो: मुदत वाढली म्हणून अधिछात्रवृत्ती वाढत नाही. आयोगाची कनिष्ठ आणि वरिष्ठ मिळून पाच वर्षांची असते. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही आपापल्या मुदती आहेत. वाढीव महिने पदरमोड करूनच काढायचे असतात, हे घरी आधी बोलून घ्यावं.

एवढं सगळं हाताशी आल्यावर पत्र असं होतं.

दिनांक : २३ मार्च २०२६

प्रति,
मा. मार्गदर्शक,
मराठी विभाग

विषय : प्रबंध सादर करण्यास ३१ ऑगस्ट २०२७ पर्यंत मुदतवाढीची शिफारस मिळण्याबाबत

आदरणीय मॅडम,
सादर प्रणाम.

माझी पीएच.डी. नोंदणी जानेवारी २०२१ ची असून सहा वर्षांची मुदत जानेवारी २०२७ मध्ये संपत आहे. आपल्यासोबत ठरल्याप्रमाणे मी डिसेंबर २०२६ मध्ये प्रबंध सादर करणार होते. ते आता शक्य दिसत नाही.

प्रबंधाचे चौथे प्रकरण पालखीच्या घरभेटीतील गाऱ्हाण्यांवर आहे. पाचपैकी तीन वाड्यांतील ध्वनिमुद्रण २०२५ च्या शिमग्यात झाले. उरलेल्या दोन वाड्यांचे या वर्षी करायचे होते. त्यासाठी मी होळीपूर्वीच गावात पोचले होते. परंतु प्रशासनाच्या मनाई आदेशामुळे पालखी देवळाबाहेर आली नाही व घरभेटी झाल्या नाहीत. आदेशाची प्रत व माझ्या रोजनिशीतील संबंधित पाने सोबत जोडली आहेत. गाऱ्हाणे देव घरी आल्यावरच घातले जात असल्याने ही सामग्री एरवी मिळवता येत नाही.

पुढील फाल्गुन पौर्णिमा २२ मार्च २०२७ रोजी असून गावचा शिमगा पाडव्यापर्यंत, म्हणजे ७ एप्रिलपर्यंत चालतो. त्यानंतर ध्वनिमुद्रणाचे लेखन मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, प्रकरणाचा मसुदा मेअखेर, आपल्या सूचनांनुसार दुरुस्त्या जूनमध्ये आणि समितीपुढील सादरीकरण जुलैत करता येईल. प्रकरण एक, दोन, तीन व पाच यांचे मसुदे मी ठरल्याप्रमाणे याच वर्षी, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, आपणास देईन.

पुढील वर्षीही पालखी निघाली नाही, तर तीन वाड्यांच्या सामग्रीवरच प्रकरण पूर्ण करीन व ती मर्यादा प्रस्तावनेत नमूद करीन. त्यासाठी पुन्हा मुदत मागणार नाही. प्रबंधाचे शीर्षक बदलण्याची गरज कोणत्याही स्थितीत पडणार नाही.

तरी २०१६ च्या नियमावलीतील महिला संशोधकांसाठीच्या सवलतीनुसार माझा अर्ज संशोधन सल्लागार समितीकडे आपल्या शिफारशीसह पाठवावा, ही विनंती. समितीची पुढील बैठक झाल्यास मी प्रत्यक्ष येऊन माहिती देईन.

आपली विद्यार्थिनी

(सही)

सोबत : १) मनाई आदेशाची प्रत २) रोजनिशीची दोन पाने ३) सुधारित वेळापत्रक

हे पत्र वाचताना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुढच्या वर्षीही पालखी न निघाल्यास काय, हा परिच्छेद. मानकऱ्यांचा वाद वर्षात मिटेलच असं नाही. काही गावांत असे वाद पाच-पाच वर्षं चालतात, पालखी देवळातच राहते आणि पोरंसोरं शिमगा काय असतो ते शेजारच्या गावात जाऊन पाहतात. समितीला नेमकी हीच भीती असते, की ही मुलगी दरवर्षी येईल आणि दरवर्षी देव देवळातच असेल. तिने आपणहून ‘पुन्हा मागणार नाही’ असं लिहून दिल्यावर शिफारस करणं सोपं जातं. त्यातच शीर्षकाचं वाक्यही हवंच. कारण शीर्षक बदलायचं म्हणजे वेगळा अर्ज, वेगळी मंजुरी. शेजारच्या गावात जाऊन काम भागवण्याचा मोह होतो, पण प्रबंध एका गावावर नोंदलेला असेल तर दुसऱ्या गावची सामग्री आणून तो तसाच राहत नाही. कोकणातच तेरसे शिमगे आणि भद्रेचे शिमगे यांच्या रीती वेगळ्या; गोव्यात धाकटो आणि व्हडलो शिगमो यांचे दिवसही वेगळे. ‘शिमगा तो शिमगा’ असं म्हणून चालत नाही.

दुसरी एक गोष्ट या पत्रात मुद्दामच नाही. वाद कोणात होता, कोणत्या आडनावांचे मानकरी समोरासमोर आले, कोण पोलीस ठाण्यात गेलं, यातलं एकही अक्षर नाही. विद्यार्थ्यांना वाटतं, तपशील जितका जास्त तितकं पत्र खरं वाटेल. पण हे पत्र फायलीत जाणार, कार्यालयातल्या चार हातांतून फिरणार, उद्या माहितीच्या अधिकारात बाहेरही येऊ शकेल. ज्या माणसांनी तुम्हाला घरात ठेवून घेतलं, भाकरी वाढली, त्यांच्या भांडणाची बाजू तुमच्या सहीने नोंदली गेली, तर पुढच्या शिमग्याला तुम्हाला त्या वाडीत कोणी पाण्यालाही विचारणार नाही. मनाई आदेशात नावं असतील तर प्रत जोडताना ती झाकावीत आणि मूळ प्रत मॅडमना फक्त दाखवावी. तोंडी सांगायचं ते तोंडीच सांगावं.

भाषेबद्दल थोडं. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना पत्र लिहायचं म्हटलं की लेखणीला आर्जवाचा पूर येतो. ‘आपल्या कृपाछत्राखाली’, ‘आपण मायबाप आहात’, ‘माझे भवितव्य आपल्या हाती’. मॅडम तुमच्यावर माया करत असतीलही, पण समितीवरचे इतर जण नाही करत. आदर ‘आपण’ म्हणण्यात आणि ‘आदरणीय’ या एका शब्दात पुरेसा होतो. दुसऱ्या टोकाला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मॅम, शिमगा कॅन्सल झाला, एक्स्टेंशन लागेल’ असा निरोप टाकून मोकळी होणारीही मंडळी आहेत. निरोप जरूर टाकावा, गाईडला बातमी दुसरीकडून कळू नये; पण समितीपुढे निरोप ठेवता येत नाही.

आणि वेळ. पालखी थांबली मार्चमध्ये, मुदत संपते पुढच्या जानेवारीत, म्हणून कित्येक जण अर्ज डिसेंबरात देतात. तोवर मनाई आदेश कोणाला आठवत नाही, सल्लागार समितीची त्या सत्रातली बैठक होऊन गेलेली असते आणि ‘इतके महिने काय करत होता?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. पाडवा उलटला की त्याच आठवड्यात पत्र द्यावं. दोन प्रती न्याव्यात, एक विभागात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाच्या खिडकीपासून हलू नये.